कार्टनच्या पत्र्याला झोल, गळती आणि भुगा: आधी काय बघायचं, आणि हा पत्रा उघड्यावर टिकतो किती

दूध-ज्यूसच्या रिकाम्या खोक्यांपासून बनवलेले पन्हळी पत्रे आता आमच्या भागात गोठ्यांवर, पडव्यांवर, दुकानाच्या पुढच्या शेडवर सर्रास दिसतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडातले सिमेंटचे पत्रे पापडासारखे मोडले. त्यानंतर बऱ्याच जणांनी हे पत्रे घेतले. न मोडणारा, न गंजणारा आणि पावसात कानठळ्या न बसवणारा पत्रा हवाच होता. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात साधा लोखंडी पत्रा किती दिवस टिकतो ते श्रीवर्धन-मुरुडवाल्यांना सांगायला नको.

पण दोन-तीन पावसाळे गेले की फोन सुरू होतात. तक्रार थोड्याफार फरकाने एकच असते. मी पत्रे टाकण्याचं आणि शेडच्या फॅब्रिकेशनचं काम करतो. यातली अर्धीअधिक दुखणी पत्र्याची नसून बसवण्याची निघतात. उरलेली मात्र खरोखर पत्र्याची असतात आणि त्यांना इलाज नसतो. ही दोन वेगळी कशी ओळखायची ते इथे लिहितो आहे.

लक्षणं

खालीलपैकी काय दिसतंय ते आधी नक्की करा:

- दोन आडव्या पाइपांच्या मध्ये पत्र्याने पोक काढलं आहे, त्यात पाणी आणि पाला साचतो.
- स्क्रूच्या तोंडाशी ठिबकतं, किंवा भोकाभोवती चिरा पडल्या आहेत.
- पागोळीकडची कड फुगली आहे, पुस्तकाच्या पानांसारखी सुटते आहे, काळे डाग आले आहेत.
- पत्र्यावरून हात फिरवला की चंदेरी भुगा हाताला लागतो.
- दुपारी ऊन-सावली झाली की पत्रा कटकट वाजतो.

शेवटच्या लक्षणाला घाबरू नका. ते प्लास्टिकचं फुगणं-आकसणं आहे, त्याचा उलगडा पुढे होईल. झोल आणि गळती बहुतेक वेळा दुरुस्त होते. फुगलेली कड कधी होते, कधी नाही. भुगा म्हणजे पत्र्याचं वय झालं.

पत्र्याच्या पोटात काय आहे

एवढं कळलं की पुढची प्रत्येक तपासणी आपोआप कळते. खोक्यात साधारण तीन चतुर्थांश कागद असतो, बाकी पॉलिथिन आणि थोडं अॅल्युमिनियम. पेपर मिलमध्ये खोकी पाण्यात घुसळून कागदाचा लगदा काढून घेतात. उरलेल्या पॉलिथिन-अॅल्युमिनियमच्या चिंध्या वाळवून, बारीक करून, गरम प्रेसमध्ये दाबतात आणि गरम असतानाच नळीदार साच्यात थंड करतात. वेगळी डिंक-राळ लागत नाही, वितळलेलं पॉलिथिनच सगळं धरून ठेवतं.

म्हणजे या पत्र्याचे शत्रू तीन. पॉलिथिन उष्णतेने मऊ पडतं, म्हणून झोल. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते कुजतं, म्हणून भुगा. आणि लगदा नीट धुतला नसेल तर आत राहिलेला कागद पाणी पितो, म्हणून फुगलेली कड. टूथपेस्टच्या ट्यूबच्या कारखान्यातल्या कचऱ्यापासून बनवलेले पत्रेही मिळतात. त्यांत कागद नसतो, त्यामुळे कड फुगण्याचा प्रकार त्यांत जवळजवळ दिसत नाही. ऊन आणि उष्णतेचं दुखणं मात्र तेच.

तपासणी १: पाणी नक्की पत्र्यातूनच येतंय का

फुकटचं काम आहे, शिडीही लागत नाही. भर दुपारी खाली उभे राहून वर बघा. जिथे उजेडाचा ठिपका दिसतो तिथे भोक आहे, तिथे खडूने पाइपवर खूण करा. मग पाऊस पडताना पाणी त्याच खुणेपाशी येतंय का ते बघा. पाणी बहुधा पाइपाच्या कडेने वाहत लांब जाऊन पडतं, म्हणून ठिबक जिथे आहे तिथेच भोक असेल असं धरून चालू नका.

गोठ्यात आणखी एक घोटाळा होतो. पाऊस नसताना, थंडीत पहाटे पत्र्यातून थेंब पडत असतील तर ती गळती नव्हे. गुरांच्या श्वासाची आणि ओल्या जमिनीची वाफ थंड पत्र्याला लागून पाणी होतं. आढ्याशी हवा जायला फट ठेवली की ते कमी होतं. त्यासाठी वर चढून डांबर फासण्यात अर्थ नाही.

तपासणी २: स्क्रू आणि भोकं

मे महिन्यात उन्हातला पत्रा हाताला चटका देतो आणि पावसाची सर आली की क्षणात गार पडतो. या फरकाने प्लास्टिक लोखंडाच्या कित्येक पट जास्त फुगतं-आकसतं. दहा फुटी पत्रा एकूण जवळपास सेंटीमीटरभर मागेपुढे सरकू शकतो. त्याच्याखालचा लोखंडी पाइप मात्र मिलीमीटर-दीड मिलीमीटर सरकतो. स्क्रू घट्ट आणि भोक स्क्रूएवढंच असलं तर ही ओढाताण भोकाच्या कडेवर येते. एक तर भोक लांबट होतं, नाहीतर चीर जाते.

म्हणून बघायचं ते असं. स्क्रू नळीच्या माथ्यावर आहे का पन्हळीत? पन्हळीत असेल तर वॉशर कितीही चांगला असला तरी पाणी त्याच्यावरूनच वाहणार. माथ्यावर असेल तर माथा चेपला आहे का बघा. ड्रिल मशीन लोखंडी पत्र्याच्या सवयीने चालवलं की वॉशर पिळून बाहेर येतो आणि भोवती वाटीसारखा खड्डा पडतो. पाणी मग त्या वाटीत थांबतं.

दुरुस्ती स्वस्त आहे. स्क्रू काढून भोक १० मिमीचं करायचं, त्यात साडेपाच मिमीचाच स्क्रू, वर रबराचा २५ मिमीचा रुंद वॉशर. वॉशर नुसता बसेल इतकंच आवळायचं. पन्हळीतलं जुनं भोक बुजवायला सिलिकॉन वापरू नका, सिलिकॉन पॉलिथिनला धरत नाही, एका पावसाळ्यात पापुद्रा सुटतो. ब्युटाइल टेप वापरा. जागा कोरडी आणि स्वच्छ पुसून, हाताने चांगली दाबून. भोकापासून चीर निघाली असेल तर तिच्या टोकाला आधी ५ मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे धावत नाही, आणि मग वर टेप. खिळे हातोडीने ठोकून बसवलेला पत्रा असेल तर प्रत्येक खिळ्याभोवती अशा चिरा सापडतील. तिथे टेप लावत बसण्यापेक्षा पुढची तपासणी करून पत्रा ठेवायचा की नाही ते आधी ठरवा.

तपासणी ३: आडव्यांमधलं अंतर

खरं दुखणं बहुतेक वेळा इथे सापडतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

सिमेंटच्या पत्र्याला आडवे पाइप साडेचार फुटांवर चालतात. वादळानंतर लोकांनी मोडलेले सिमेंटचे पत्रे उतरवले आणि त्याच सांगाड्यावर हे पत्रे चढवले. दुकानदाराने सांगितलेलं नसतं, आणि पत्रा नवा असताना कडक वाटतो. पण पॉलिथिनला स्वतःच्या वजनाखालीही हळूहळू वाकायची खोड आहे. तापलं की जास्त. पहिल्या मे महिन्यात अर्धा इंच, दुसऱ्यात एक इंच, आणि एकदा पाणी साचू लागलं की त्या पाण्याच्या वजनाने आणखी.

माणगावजवळच्या एका गोठ्याचं उदाहरण घेतो. छप्पर २० फूट लांब, उताराच्या दिशेने एकच १० फुटी पत्रा, जाडी ४ मिमी. पाइप तीन: वर, मध्ये आणि खाली, साडेचार-साडेचार फुटांवर. तिसऱ्या पावसाळ्यात काकींचा फोन आला, "दादा, पत्रा फुटलाय, गाईच्या अंगावर पाणी पडतंय, बदलून मिळेल का?" पत्रा कुठेही फुटला नव्हता. दोन पाइपांना दोरी ताणून धरली तर मध्ये दोरीपासून पत्रा २ इंच खाली.

आता हिशेब बघा. छपराला १० फुटांत १५ इंच उतार, म्हणजे आठास एक. साडेचार फूट म्हणजे ५४ इंच. त्यात २ इंच झोल आला की खालच्या पाइपाजवळ पत्रा साधारण सातास एक या हिशेबाने वर चढायला लागतो. उतार आठास एक, चढ सातास एक. म्हणजे तिथे उतार उरलेलाच नाही, उलट किंचित चढ आहे. पाणी पन्हळीत थांबतं, पाला अडकतो, पातळी वाढते आणि शेजारच्या पत्र्याशी जिथे जोड आहे तिथून पाणी आत घुसतं. गळती जोडाची दिसते, कारण झोलाचं असतं. त्या जोडात आधी कुणीतरी दोन नळ्या भरून डांबर ओतून ठेवलं होतं, त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता.

इलाज एकच. प्रत्येक गाळ्यात मध्ये एक पाइप वाढवणे. म्हणजे २० फुटी दोन पाइप, आणि अंतर सव्वादोन फूट. अंतर निम्मं केलं की त्याच वजनाखाली वाकणं सोळावा हिस्सा होतं, म्हणून हा खर्च वाया जात नाही. ४ मिमीच्या पत्र्याला सव्वादोन ते अडीच फुटांच्या पुढे अंतर ठेवूच नये. ६ मिमीला तीन फुटांपर्यंत मी जातो, विदर्भातल्यासारखं ऊन असेल तर तेवढंही जाऊ नये. पागोळीकडे शेवटच्या पाइपापुढे पत्रा ९ इंचांपेक्षा जास्त लोंबता नको.

हे काम करताना दोन गोष्टी सांभाळा. पाइप वर रेटून झोल काढायचा असेल तर दुपारी करा, पत्रा तापून मऊ असतो आणि टेकूने हळूहळू वर येतो. सकाळच्या गारव्यात जोर लावला तर जुना पत्रा तडकतो. मधल्या पाइपावरचे स्क्रू मात्र त्याआधी सकाळीच ढिले करून ठेवायचे. आणि पत्र्याच्या खाली वेल्डिंग अजिबात नको. पॉलिथिन पेटतं आणि पेटतं थेंब-थेंब खाली गळतं, गोठ्यात वर पत्रा आणि खाली पेंढा. कोन-पट्ट्या जमिनीवर वेल्ड करून आणायच्या आणि वर नट-बोल्टने बांधायच्या.

त्या गोठ्यात दोन इंचांचा झोल अर्ध्या इंचावर आला. पूर्ण सरळ होत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. पण सव्वादोन फुटांत अर्धा इंच म्हणजे कडेला चढ साडेतेरास एक, तो आठास एकच्या उताराला अडवू शकत नाही. पाणी वाहतं झालं, जोडाला हात न लावता गळती थांबली.

तपासणी ४: कड आणि आतला कागद

झोल नाही, स्क्रू ठीक, तरी पत्रा ओलसर वाटतो, कड जाड झाली आहे. मग पागोळीकडची कड नखाने किंवा जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून बघा. चांगला पत्रा कडेला चामड्यासारखा चिवट असतो, थर सुटत नाहीत. कागद राहिलेला असेल तर करडे, लोकरीसारखे तंतू दिसतात आणि ओला वास येतो.

खात्री करायची तर तळहाताएवढा तुकडा कापा, दोन-तीन दिवस उन्हात वाळवा, किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करा. मग एक दिवस-रात्र बादलीत बुडवून, पुसून, पुन्हा वजन करा. शंभर ग्रॅमला एक-दोन ग्रॅम वाढलं तर ठीक. आठ-दहा ग्रॅम वाढलं तर त्या पत्र्यात कागद भरपूर आहे, आणि आमच्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात तो दरवर्षी फुगणार आणि सुकणार. ही परीक्षा खरं तर पत्रा विकत घेण्याआधी करायची असते. दुकानात कडेचे तुकडे पडलेले असतात, एक मागून घ्या.

फुगवटा फक्त शेवटच्या दोन-तीन इंचांत असेल तर तेवढी पट्टी कापून टाका. कापलेली नवी कड हीट गनने जरा वितळवून लाकडाच्या ठोकळ्याने दाबली की तोंड बंद होतं. हे पत्रा खाली उतरवूनच करायचं. फुगवटा हातभर आत गेला असेल तर कापून उपयोग नाही.

तपासणी ५: वरचा भुगा

काळं फडकं घेऊन पत्र्याच्या वरच्या, उन्हाकडच्या बाजूवरून एकदा जोराने फिरवा. फडक्यावर नुसती धूळ आली तर बरं. चंदेरी चकत्या आणि पांढुरकी पूड आली तर वरचं पॉलिथिन कुजून धरणं सोडू लागलं आहे. काही पत्र्यांवर चकचकीत फिल्म असते, ती टिकते तोवर हे लांबतं. ती सुटली की दोनेक उन्हाळ्यांत भुगा सुरू होतो. हा भुगा पागोळीच्या पाण्यात उतरतो, म्हणून अशा छपराचं पाणी पिण्याच्या टाकीत किंवा गुरांच्या हौदात घेऊ नका.

मग कोपऱ्यातून दोन बोटं रुंद पट्टी कापा आणि सकाळच्या गारव्यात हाताने वाकवा. वाकली आणि पांढरी रेघ आली तर अजून काही वर्षं आहेत. कटकन मोडली तर पत्रा संपला, त्यावर एक पैसाही घालू नका. ऑइल पेंट मारण्याचा सल्ला सगळे देतात. पॉलिथिनवर रंग धरत नाही, पापुद्रे निघतात आणि पैसे पाण्यात जातात.

मग टिकतो किती

विकणारा पंधरा-वीस वर्षं सांगतो. माझ्या पाहण्यात, कोकणात पूर्ण उघड्यावर ४ मिमीचा पत्रा अंतर नीट ठेवून बसवला तर पाच ते सात वर्षं चांगला जातो. ६ मिमीचा आठ ते दहा. सिमेंटच्या सांगाड्यावर तसाच चढवलेला असेल तर तिसऱ्या-चौथ्या वर्षीच तक्रार येते. घाटावर पाऊस कमी, पण ऊन कडक, तिथे कड टिकते आणि झोल लवकर येतो. भिंतीला किंवा दुसऱ्या छपराच्या सावलीत लावलेले पत्रे मात्र वर्षानुवर्षं तसेच राहिलेले मी पाहतो, कारण तिथे ऊन नाही आणि वजनही नाही. झाडाच्या सावलीतलं छप्पर उन्हापासून वाचतं, पण पाला साचून पन्हळी तुंबतात, ते दरवर्षी मिरगाच्या आधी खालून काठीने आणि झाडूने साफ करावं लागतं.

वॉरंटीचा कागद नीट वाचा. झोल, रंग उडणं आणि बसवण्यातली चूक त्यात बहुधा धरलेली नसते, आणि आपल्या तक्रारी नेमक्या त्याच असतात. बिलावर जाडी मिमीमध्ये लिहून घ्या. आणि पत्रा हातात आल्यावर कडेला मोजा, चारचा म्हणून साडेतीनचा खपवतात.

इथे थांबा, जाणत्या माणसाला बोलवा

खालून बघणं, दोरी लावणं, तुकडा भिजवणं, फडकं फिरवणं हे घरच्या माणसाने करावं. छपरावर जायचं काम निघालं की थांबा. हा पत्रा माणसाचं वजन घेत नाही. आणि तो आधी काही इशारा देत नाही, उन्हात मऊ पडून एकदम खचतो. पत्रे टाकणारे दोन-तीन पाइपांवर आडवी फळी टाकून तिच्यावरूनच सरकतात, कमरेला दोर असतो. ती सवय नसेल तर फळी असूनही चढू नका.

जुना सिमेंटचा पत्रा खाली तसाच ठेवून वर हा बसवला असेल तर भोकं पाडू नका, कापू नका. त्या जुन्या पत्र्यात बहुधा अॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात जाते. ते काम मास्क घालून, पाणी मारत, पत्रे अख्खे उतरवणाऱ्यांचं आहे. छपराजवळून विजेची सर्व्हिस वायर जात असेल, किंवा वायरिंग पाइपालाच बांधलेलं असेल, तर आधी वायरमन. पाइप गंजून खालून पातळ झाले असतील, हातोडीने टोकल्यावर बद्द आवाज येत असेल, तर नवे पाइप जोडून भागणार नाही. फॅब्रिकेटरकडून सांगाडाच तपासून घ्या.

चुलीच्या धुराड्यावर किंवा गोठ्यात माश्यांसाठी धुरी करतात त्या जागेवर हा पत्रा असेल तर दुरुस्तीच करू नका. तिथला पत्रा काढा आणि लोखंडी किंवा कौलं घाला. काढलेले पत्रे शेकोटीत टाकू नयेत. भंगारवाला सहसा घेत नाही, पण पट्टी वाकवल्यावर मोडली नाही असा पत्रा गोठ्याच्या पावसाळी बाजूला झडीला आडोसा म्हणून उभा लावता येतो.